गुडघेदुखीची गोळी आणि रक्त पातळ करणारं औषध

झडप बदललेल्या आजी वॉरफरिन घेतात. गुडघा दुखला की घरात पडलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका. ती जठराचं अस्तर दुबळं करते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सचं कामही मंदावते. फसगत इथेच होते: आयएनआर बरोबर असला तरी आतून रक्तस्राव होऊ शकतो. दुखणं थांबवणाऱ्या ‘कॉम्बी’ गोळ्यांतही हीच औषधं असतात, म्हणून पाकिटामागचा बारीक मजकूर वाचाच.

पॅरासिटॅमॉल त्यामानाने बरं. पण रोज चार गोळ्या सलग काही दिवस दिल्या तर त्यानेही आयएनआर चढतो. तेव्हा डॉक्टरांना सांगून तपासणी लवकर करून घ्या. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर लगेच रुग्णालय गाठा.