पतंगाची दोरी कुठे असते?

पाश्चात्त्य ज्योतिषात तीन ग्रह एकमेकांपासून सुमारे १२० अंशांवर आले की महात्रिकोण होतो. त्याला उपजत गुणांचा योग मानतात, पण तो आळशीही ठरतो, कारण सहज जमतं त्यासाठी कोणी झटत नाही.

समजा, चंद्र कर्केत १० अंशांवर, गुरू वृश्चिकेत १२ वर आणि नेपच्यून मीनेत ११ वर आहे. आता शनी मकरेत ११ अंशांवर आला, तर चंद्राशी त्याचा प्रतियोग होतो आणि उरलेल्या दोघांशी ६० अंशांचा लाभयोग. हा झाला पतंग. माझ्या मते या आकृतीत आधी शनीच वाचावा. कल्पनाशक्ती त्रिकोणात आहे, पण तिला रोजचा रियाज आणि मुदत शनी लावतो. चंद्राशी असलेला ताण टोचतो, म्हणूनच माणूस कामाला बसतो.

नेपच्यूनऐवजी वृषभेत ११ अंशांवर शुक्र असता, तर दोन प्रतियोगांचा गूढ आयत झाला असता. इथे कष्ट एका टोकाला नसतात, दोन्ही ताणांचा तोल सतत सांभाळावा लागतो.

अंश मात्र तपासा. लाभयोगात पाच-सहा अंशांहून जास्त फरक असेल, तर पतंग फक्त कागदावरच दिसतो.