चित्रावर पुन्हा तेच नाव कशाला?

गणपतीच्या आदल्या दिवशी यूट्यूबवर ‘उकडीचे मोदक’ असं शोधलं, की एकाखाली एक व्हिडिओ येतात. चित्रात मोदक, चित्रावर ठळक अक्षरांत ‘उकडीचे मोदक रेसिपी’ आणि त्याखाली शीर्षकात पुन्हा ‘उकडीचे मोदक रेसिपी’. शोधणारीने तेच शब्द नुकतेच स्वतः टाइप केलेले असतात. आता तिला चौथ्यांदा तेच नाव वाचायचं नसतं. समोरच्या दहा व्हिडिओंपैकी आपल्याला हवा तो कोणता, एवढंच तिला ठरवायचं असतं.

व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं हे छोटं चित्र म्हणजे थंबनेल. त्यावर जेमतेम तीन-चार शब्दांची जागा असते. ती शीर्षकाचीच नक्कल करण्यात गेली, तर नवं काही सांगायला जागाच उरत नाही.

शीर्षक, चित्र आणि चित्रावरचे शब्द यांची कामं वेगवेगळी आहेत. शीर्षकाने विषयाचं नाव घ्यायचं असतं, कारण शोधलेल्या शब्दांशी शीर्षक कितपत जुळतं हे यूट्यूब बघतं. म्हणून लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शीर्षकात, आणि तेही सुरुवातीला हवेत. लांब शीर्षक फोनवर मध्येच तुटतं. रोमन लिपीत शोधणाऱ्यांसाठी ‘ukadiche modak’ हे शब्दही तिथेच बसवता येतात. चित्राने ती वस्तू दाखवायची. उरले चित्रावरचे शब्द. बघणाऱ्याच्या मनात त्या नावापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो त्यांनी बोलून दाखवायचा.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. समजा, शीर्षक ठरलं आहे: ‘उकडीचे मोदक | उकड काढण्यापासून कळ्या पाडण्यापर्यंत’. चित्रावर काय लिहायचं?

पहिल्यांदा सुचतं ते ‘उकडीचे मोदक’. हे शीर्षकात आलं आहे आणि फोटोतही दिसतं आहे, म्हणून ते बाद. दुसरं सुचतं ‘एकदम सोपी पद्धत’. यात खोटं काही नाही, पण हेच शब्द पुरणपोळीच्या, ढोकळ्याच्या, अगदी आधार कार्डाच्या व्हिडिओवरही चालतील. जे शब्द कुठेही चिकटवता येतात ते या व्हिडिओबद्दल काहीच सांगत नाहीत. तिसरं सुचतं ‘आजीचं गुपित!’. व्हिडिओत आजीही नाही आणि गुपितही नाही, तेव्हा तेही गेलं. चौथं, ‘गरम उकड मळताना ही चूक टाळा’. हे खरं आहे आणि मोदकांचंच आहे, पण सहा शब्द त्या इवल्याशा चौकोनात वाचता येणार नाहीत.

आता स्वयंपाकघरात जाऊ. मोदक करणारीला खरी धास्ती कशाची असते? मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर पारीला चीर गेलेली दिसते आणि सारण बाहेर आलेलं असतं. उकड कोरडी राहिली, गरम असताना पुरेशी मळली नाही, किंवा पारी फारच पातळ केली, की असं होतं. म्हणजे शब्द मिळाले: ‘पारी का फुटते?’

हे तीन शब्द शीर्षकात नाहीत, तरी त्याला सोडूनही नाहीत. ‘पारी’ हा शब्द मोदकाचाच असल्यामुळे शीर्षकातलं नाव त्याने पक्कं होतं. त्याबरोबर फोटोही बदलायला हवा. केळीच्या पानावरच्या अकरा देखण्या मोदकांपेक्षा एक चिरलेला आणि एक अखंड असे दोनच मोदक शेजारी-शेजारी ठेवले, की प्रश्न लगेच कळतो.

शब्द ठरले की ते वाचता येतात का, हे बघायचं. थंबनेल आपण 1280 बाय 720 पिक्सेल आकारात, कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर तयार करतो, पण सुचवलेल्या व्हिडिओंच्या यादीत ते अनेकदा काडेपेटीएवढंच दिसतं. देवनागरीची खरी परीक्षा तिथे होते. फार जाड टाइप घेतला तर ‘मुखऱ्या’सारख्या शब्दातली जोडाक्षरं बुजतात आणि नुसता ठिपका दिसतो. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात ओळी एकमेकींना खेटून असतात. तिथे वरच्या ओळीतल्या ‘फु’चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ओळींमध्ये अंतर वाढवा, किंवा सगळं एकाच ओळीत बसवा. खालचा उजवा कोपरा मोकळा ठेवा, कारण व्हिडिओची लांबी दाखवणारे आकडे तिथे येतात आणि प्रश्नचिन्ह नेमकं त्यांच्याखाली जातं. शेवटी चित्र फोनवर घेऊन हातभर अंतरावरून बघा. वाचायला डोळे बारीक करावे लागले, तर एक शब्द कमी करा.

पुनरुक्ती कधीच करू नये, असं मात्र नाही. जिथे फोटो स्वतः काही सांगू शकत नाही, तिथे नावातला एखादा शब्द चित्रावर लागतोच. ‘सातबारा उताऱ्यातील नाव दुरुस्ती, अर्ज कसा करावा’ या व्हिडिओचं चित्र म्हणजे बारीक अक्षरांचा एक कागद. तो कशाचा आहे हे लहान आकारात कळणार नाही. तिथे वर मोठं ‘7/12’ आणि खाली ‘नाव चुकलंय?’ असं लिहावं. ‘7/12’ इथे चित्राचं काम करतं, आणि अडचण सांगायला पुढचे दोन शब्द मोकळे राहतात.

आपली निवड बरोबर ठरली का, हे अंदाजाने सांगता येत नाही. यूट्यूब स्टुडिओमध्ये थंबनेल किती वेळा दिसलं आणि त्यातल्या किती टक्के वेळा त्यावर क्लिक झालं, हे कळतं. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो. तोच आकडा धरून बसू नये, कारण व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत पोहोचू लागला की टक्केवारी उतरू शकते. त्यापेक्षा थंबनेलांची चाचणी घेण्याची यूट्यूबची सोय वापरावी. तिथे एकाच व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल देता येतात आणि ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात. फोटो तोच ठेवून एकावर ‘उकडीचे मोदक’, दुसऱ्यावर ‘पारी का फुटते?’ लिहावं आणि तिसरं शब्दांविना ठेवावं. फोटोही बदलला, तर फरक शब्दांमुळे पडला की फोटोमुळे, हे कळणार नाही.

या चाचणीत विजेता ठरतो तो क्लिकवर नाही, तर लोकांनी व्हिडिओ किती वेळ पाहिला यावर. ‘आजीचं गुपित’ वाचून आलेली बाई गुपित न सापडल्यामुळे निघून जाते, आणि तिने न पाहिलेला वेळ त्या थंबनेलच्या विरोधात जातो. म्हणून चित्रावर प्रश्न लिहिला असेल, तर पाच मिनिटं नारळ खवण्यात घालवू नका. व्हिडिओ सुरू होताच तो चिरलेला मोदक हातात घ्या, पारी उलगडून दाखवा आणि उकड कुठे कोरडी राहिली ते सांगा.