सगळी पुंजी एकाच शेअरमध्ये: पुट घ्यावा की कॉलर?

१९९९च्या जुलैमध्ये याहूने डॅलसची ब्रॉडकास्ट डॉट कॉम ही कंपनी ताब्यात घेतली. सौदा सुमारे ५७० कोटी डॉलरांचा होता, पण मोबदला रोख नव्हता. तो याहूच्या शेअरमध्ये मिळाला. कंपनीचे सहसंस्थापक मार्क क्यूबन यांच्या वाट्याला सुमारे १ कोटी ४६ लाख शेअर आले. ९५ डॉलरांच्या भावाने त्यांची किंमत जवळपास १४० कोटी डॉलर होत होती. म्हणजे माणूस अब्जाधीश झाला, पण त्याची जवळजवळ सगळी श्रीमंती एकाच कंपनीच्या भावावर टांगलेली होती, तीही इंटरनेट शेअरच्या तेजीला उधाण आलेले असताना.

शेअर विकण्यावरचे बंधन संपल्यावर क्यूबन यांनी जे केले, ते आज ऑप्शनच्या वर्गात शिकवले जाते. त्यांनी तीन वर्षांच्या मुदतीचे ८५ डॉलरचे पुट घेतले आणि त्याच मुदतीचे २०५ डॉलरचे कॉल विकले. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क. भाव कितीही कोसळला, तरी ८५ डॉलर मिळणारच. कॉल विकणे म्हणजे भाव २०५च्या वर गेला, तर आपला शेअर २०५लाच देण्याचे वचन. त्या वचनाचे जे पैसे हाती आले, त्यांतून पुटची किंमत भागली. शेअरच्या भावाला खालून आणि वरून अशी हद्द घालणाऱ्या या जोडीला कॉलर म्हणतात.

जानेवारी २०००मध्ये याहू २३७ डॉलरपर्यंत गेला. (हे सगळे भाव पुढच्या महिन्यातले शेअर विभाजन जमेस धरून आहेत.) मग तेजीचा फुगा फुटला आणि २००२च्या अखेरीस, मुदत संपत आली तेव्हा, भाव १६ डॉलरांच्या आसपास होता. हद्द नसती, तर १४० कोटींचे २३ कोटी डॉलर उरले असते. ८५च्या हद्दीने ते १२४ कोटींच्या खाली जाऊ शकत नव्हते.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. पण खरा शिकण्यासारखा प्रश्न पुढे आहे: क्यूबन यांनी कॉल न विकता नुसता पुटच घेतला असता तर? ८५ची हद्द तीच राहिली असती आणि वरचा सगळा फायदाही त्यांचाच झाला असता. याला प्रोटेक्टिव्ह पुट म्हणतात आणि पहिल्या नजरेत तोच शहाणपणाचा वाटतो.

अडचण किमतीची. ऑप्शनचा भाव प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरतो, मुदत किती आणि शेअर किती उसळतो. याहू तेव्हा बेफाम उसळत होता आणि मुदत तीन वर्षांची होती. वर्षाला सत्तर टक्क्यांचे चढउतार गृहीत धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब मांडला, तर ८५च्या पुटची किंमत शेअरमागे २७ डॉलरांच्या घरात जाते. हा आकडा क्यूबन यांच्या करारातला नाही, अंदाज आहे. पण अंदाजही पुरेसा बोलका आहे. सुमारे ३९ कोटी डॉलर, म्हणजे संपत्तीचा चौथा हिस्साहून अधिक, नुसत्या संरक्षणावर खर्च झाला असता. त्याच सूत्राने २०५च्या कॉलची किंमतही साधारण तेवढीच येते. म्हणूनच खिशातून फारसे काही न घालता सौदा जमण्यासारखा होता.

आता २७ डॉलर मोजून पुट घेतला असे समजू. कॉलरवाल्याला वरच्या बाजूला जास्तीत जास्त २०५ मिळतात. पुटवाल्याला २७ वजा जाऊन २०५ पडायचे, तर भाव २३२वर जायला हवा. त्या वेड्या तेजीच्या शिखरावर, २३७ला विकण्याचे धैर्य दाखवले असते, तरी त्याच्या हाती २१० पडले असते. फरक पाच डॉलरांचा. आणि भाव २३२च्या खाली कुठेही राहिला असता, तर कॉलरच सरस ठरली असती.

दोहोंमध्ये निवड करताना म्हणून एकच आकडा आधी काढावा: विकायच्या कॉलचा ठरलेला भाव अधिक पुटसाठी मोजायचे पैसे. भाव त्या आकड्याच्या पुढे जाईल असे मनापासून वाटत असेल, तरच नुसता पुट परवडतो.

हेच भारतात करायचे झाले तर चित्र बरेच बदलते, आणि बदलाचे मुख्य कारण मुदत आहे. क्यूबन यांना बँकेकडून तीन वर्षांचा खास करार करून घेता आला. एनएसईवर एकेका शेअरचे ऑप्शन चालू महिन्याचे आणि पुढच्या दोन महिन्यांचे असतात. त्यातही खरी उलाढाल चालू महिन्यात होते, लांबच्या महिन्यात घेणारा-विकणारा शोधावा लागतो. शिवाय ऑप्शन सुमारे दोनशे शेअरवरच आहेत. एखाद्या लहान कंपनीत पुंजी अडकली असेल, तर हा मार्गच बंद.

पुण्यातल्या आयटी कंपनीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या, कंपनीच्याच योजनेतून ४,००० शेअर जमलेल्या एखाद्या नोकरदाराचे उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण बाजाराच्या चालीशी सुसंगत. भाव १,००० रुपये, म्हणजे पुंजी ४० लाखांची. दोन महिन्यांचा ९५०चा पुट २० रुपयांना मिळतो आणि १,०८०चा कॉल २० रुपयांना विकला जातो. नुसता पुट घेतला, तर ८०,००० रुपये जातात. कॉलर केली, तर दलाली आणि कर सोडून काहीच जात नाही.

भाव ७००वर कोसळला, तर पुटवाल्याचे ३७ लाख २० हजार आणि कॉलरवाल्याचे ३८ लाख शाबूत राहतात. भाव १,३००वर गेला, तर पुटवाल्याकडे ५१ लाख २० हजार असतील आणि कॉलरवाल्याकडे ४३ लाख २० हजार. वर सांगितलेला आकडा इथे १,१०० रुपये येतो. दोन महिन्यांत शेअर दहा टक्क्यांहून जास्त चढला, तरच पुटवाला पुढे.

पण दोन महिने संपले की दोघांनाही पुन्हा बाजारात यावे लागते. भाव जागचा हलला नाही, तर पुटवाला वर्षात सहा वेळा ८०,००० मोजतो. बेरीज ४ लाख ८० हजार, म्हणजे पुंजीच्या बारा टक्के. शेअरने दरसाल एवढे वाढावे आणि मालकाच्या हाती काहीच उरू नये, असा हा खर्च आहे. वर्षानुवर्षे पुट घेत राहणे कुणाला झेपत नाही, याचे कारण हेच.

याहून घातक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आखूड मुदतीचे पुट अचानक आलेल्या पडझडीपासून वाचवतात, हळूहळू होणाऱ्या घसरणीपासून नाही. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांचे पत्र बाहेर आले आणि सत्यम एका दिवसात सुमारे ७८ टक्के पडला. आदल्या दिवशी ज्याच्याकडे पुट होता, तो तरला. येस बँकेचे मात्र वेगळे झाले. ऑगस्ट २०१८मध्ये ४००च्या आसपास असलेला शेअर दीड वर्षाने, मार्च २०२०मध्ये निर्बंध लागले तेव्हा, काही काळ दहा रुपयांच्याही खाली गेला. वाटेत एका दिवसाच्या मोठ्या आपट्या होत्याच, पण बरीचशी घसरण महिन्यामागून महिना झाली. अशा वेळी प्रत्येक नवा पुट खाली आलेल्या भावापासून मोजला जातो. शेअर दर खेपेस पाच टक्के उतरला, तर पाच टक्के खालच्या पुटमधून दमडी मिळत नाही आणि हद्द मात्र पायरीपायरीने खाली सरकते. भीती वाढली की पुट महागही होतो. कॉलरवाल्याची हद्दही तशीच सरकते, फक्त प्रत्येक पायरीला त्याच्या खिशातून पैसे जात नाहीत.

मग कॉलरच बरी, असे म्हणून मोकळे होता येईल का? तिची अडचण विकलेल्या कॉलमध्ये आहे. शेअर आपल्या डिमॅट खात्यात आहेत, म्हणून ब्रोकर कॉल विकण्यावरचे मार्जिन माफ करत नाही. शेअर तारण ठेवावे लागतात, त्यांचे मूल्य काही टक्के कापून धरले जाते आणि मार्जिनचा साधारण अर्धा भाग रोख किंवा रोखीसमान हवा असतो. भाव चढू लागला की मार्जिनही चढते. कागदावर श्रीमंत होत असतानाच ब्रोकरचा पैसे भरण्याचा संदेश येतो, आणि रोख नसेल तर नेमक्या चुकीच्या क्षणी कॉल तोट्यात परत घ्यावा लागतो. कॉलर करण्याआधी बाजूला रोकड आहे की नाही, हे पाहायलाच हवे.

दुसरी गोष्ट मुदतीच्या दिवसाची. ऑक्टोबर २०१९पासून आपल्याकडे सगळ्या शेअर ऑप्शनचा निकाल प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन लागतो. भाव १,०८०च्या वर बंद झाला, तर ४,००० शेअर द्यावे लागतात. ९५०च्या खाली गेला आणि पुट तसाच ठेवला, तरीही शेअर जातात. दोन्ही वेळा ती विक्रीच असते आणि भांडवली नफ्याचा कर लागतो. दहा वर्षांपूर्वी कवडीमोलाने मिळालेल्या शेअरवर तो लहान नसतो. शेअर राखायचे असतील, तर मुदत संपण्याच्या काही दिवस आधीच ऑप्शनचे सौदे उलटे करून मोकळे व्हावे लागते. त्यातला नफा-तोटा सामान्यतः धंद्याच्या उत्पन्नात धरला जातो, भांडवली नफ्यात नाही. परिणामी पुटमध्ये नफा झाला, तर त्यावर त्याच वर्षी आपल्या टप्प्याच्या दराने कर भरायचा, आणि शेअरमधला तोटा मात्र विकेपर्यंत कागदावरच राहतो.

म्हणून सगळ्या ४,००० शेअरना कॉलर लावण्यापेक्षा, मुलीचे शिक्षण किंवा घराचा हप्ता ज्यावर अवलंबून आहे तेवढ्याच, समजा २,००० शेअरना लावणे आणि त्या काळात थोडे थोडे विकत जाणे जास्त व्यवहार्य ठरते. अचानक कोसळण्याची भीती ठरावीक दिवसांपुरतीच असेल, एखाद्या खटल्याचा निकाल किंवा मोठ्या सौद्याची घोषणा, तर तेवढ्यापुरता पुट घेणे समजण्यासारखे आहे. फक्त तो आधी घ्यावा लागतो. तारीख जवळ आली की सगळ्यांनाच ती दिसत असते आणि भावात ती आधीच चढलेली असते.

स्वतःच्याच कंपनीचे शेअर असतील, तर या सगळ्याच्या आधी एक दार ठोठवायचे असते. सेबीच्या २०१५च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनुसार कंपनीच्या निर्देशित कर्मचाऱ्यांना तिमाही संपल्यापासून निकालानंतरचे ४८ तास उलटेपर्यंत व्यवहार करता येत नाहीत आणि एकदा सौदा केला की सहा महिने उलटा सौदा करण्याची बंदी असते. दर दोन महिन्यांनी पुट आणि कॉल बदलत राहण्याशी हे जुळणे अवघड. अनेक कंपन्यांच्या अंतर्गत आचारसंहितेत आपल्याच शेअरच्या ऑप्शनमध्ये सौदे करायला सरसकट मनाई असते. तेव्हा पहिला फोन ब्रोकरला नव्हे, कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला करायचा, आणि परवानगी लेखी घ्यायची.