‘आणखी कुठे मुलाखती सुरू आहेत?’

पुण्यातल्या आयटी उमेदवाराला रिक्रूटरचा फोन येतो आणि हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देण्याआधी विचारणारा कोण, हे पाहावे.

कंपनीच्या एचआरला बहुधा अंदाज हवा असतो: अनेक ठिकाणी नोटीस पीरियड ९० दिवसांचा, तेवढ्या काळात उमेदवार दुसरी ऑफर घेऊन निघून गेला तर जागा रिकामी राहते. एजन्सीच्या रिक्रूटरचा हेतू वेगळाही असू शकतो. कुठे भरती चालू आहे हे कळले, की तो तिथे स्वतःचे उमेदवार पाठवू शकतो.

म्हणून नावे न सांगता टप्पा आणि तारीख सांगावी. “दोन ठिकाणी प्रक्रिया सुरू आहे. एका ठिकाणी शेवटची फेरी झाली, उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत येईल. नावे सध्या सांगत नाही, पण तुमची फेरी त्याआधी झाली तर बरे.” इतके पुरते. नसलेली ऑफर मात्र सांगू नये; ऑफर लेटर मागितले, की खोटे उघडे पडते.

एक अपवाद आहे. एजन्सी ज्या कंपनीकडे सीव्ही पाठवणार, तिथे तो आधीच गेला असेल तर ते लगेच सांगावे. एकच सीव्ही दोन एजन्सींकडून गेला, तर कमिशनच्या वादात उमेदवारच बाद होऊ शकतो.