थकवा वयाचा की थायरॉइडचा?

समजा, बेचाळिशीतल्या एक बाई आहेत. आठ तास झोपूनही अंग जड, वर्षभरात चार किलो वजन वाढलेलं, कातडी कोरडी, आणि घरात सगळे पंख्याखाली बसलेले असताना यांना शाल हवी. एकेक तक्रार वयावर ढकलता येते. सगळ्या एकत्र आल्या की थायरॉइड तपासावी. (वजन पंधरा किलो वाढलं असेल, तर मात्र सगळा दोष तिच्या माथी मारू नये.)

गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला जोरजोरात हाका मारते. ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणूनच थायरॉइड कमी पडली की हा आकडा वाढतो. रिपोर्ट वाचताना अनेकांचा इथेच गोंधळ होतो.

तपासणीला हातातून थोडंसं रक्त पुरतं, उपाशीही राहावं लागत नाही. साधारण ०.४ ते ४ ठीक. बाईंचं टीएसएच १८ आणि फ्री टी-फोर कमी आलं, तर निदान जवळजवळ पक्कं. टीएसएच ६ आणि टी-फोर ठीक असेल, तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधीच सांगा. त्याने आकडे चुकू शकतात.