डाळिंबाचा रकाना

या एप्रिलपासून आमच्या देवळ्यातल्या खत-औषधांच्या दुकानात नवी बिलिंग प्रणाली आली. मालकांचा मुलगा मोबाईलवर रंगीत गोल दाखवतो आणि म्हणतो, "काका, सगळं तयार येतं. तुमची ती पिव्होट आता कशाला?" गोलात महिन्याची विक्री दिसते, पहिले दहा ग्राहक दिसतात, पहिले दहा माल दिसतात. पण कोणत्या ग्राहकाने कोणता माल कोणत्या महिन्यात उचलला, हे दिसत नाही. दुकानाचा धंदा मात्र या तिन्हींच्या छेदावरच चालतो.

पिव्होटची जन्मकथा लवकर उरकतो, कारण तिने देवळ्यात कुणाचं पोट भरलं नाही. 1991 मध्ये लोटस कंपनीच्या इम्प्रॉव्ह या प्रणालीत पिटो सालास या माणसाची कल्पना आकाराला आली आणि 1993 मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत PivotTable आलं. 1999 मध्ये देवळा तालुका झाला, 2005 मध्ये व्हॅट आला. त्या सगळ्या वर्षांत आम्ही रोजमेळ आणि खतावणीच्या वह्याच ओढत होतो. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाठ दुखायची, एवढंच.

पिव्होटचा खरा काळ 2009 ते 2018. बिलांची यादी संगणकावर आली आणि मालकांनी विचारलं, "लोहोणेरच्या बापूंनी गेल्या रब्बीत किती माल नेला?" कसमादेत हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. खत तेव्हा उधारीवर जातं आणि पैसे येतात कांदा उमराण्याच्या बाजारात विकल्यावर. कुणाला आणखी उधार द्यायचं, हे ठरवायला महिना, ग्राहक आणि माल एकत्र दिसावे लागतात.

त्यासाठी यादीत एका बिलाला नाही, बिलातल्या प्रत्येक मालाला एक ओळ हवी. तारीख, बिल नंबर, ग्राहक, गाव, माल, नग, रक्कम. मध्ये रिकामी ओळ नको, बेरजेची ओळ नको. मग ग्राहक Rows मध्ये, तारीख Columns मध्ये, रक्कम Values मध्ये आणि माल ग्राहकाच्या खाली. तारखेवर उजवी कळ दाबून Group मध्ये Months आणि Years दोन्ही निवडायचे. नुसते Months निवडले, तर 2012 चा जानेवारी आणि 2013 चा जानेवारी एकाच रकान्यात बसतात. आमचे त्या काळचे एक करसल्लागार तसा तक्ता घेऊन मालकांसमोर बसले होते आणि "यंदा जानेवारी दुप्पट" असं ठणकावून सांगत होते. पिव्होट ही शोभेची वस्तू आहे, असंही तेच म्हणायचे. त्यांच्या हातात ती शोभेचीच होती.

तारखांनी फार छळलं. संगणक अमेरिकी पद्धतीवर असला की 05/01/2013 म्हणजे 5 जानेवारी, ते 1 मे होऊन बसतं. 13 तारखेपासून पुढच्या तारखा त्याला महिना म्हणून वाचताच येत नाहीत, म्हणून त्या नुसता मजकूर राहतात आणि डावीकडे चिकटतात. मग Group म्हटलं की "Cannot group that selection." काहीजण त्या डाव्या ओळी सरळ काढून टाकायचे. गटवारी व्हायची, पण जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांची विक्री बारा महिन्यांच्या एक तारखेला विखुरलेली असायची. जानेवारीच्या यादीत प्रत्येक महिन्याच्या एक तारखेलाच गर्दी दिसली की समजावं, दिवस आणि महिना अदलाबदल झालेत. वरवर दुरुस्ती करून उपयोग नसतो. मूळ फाईल पुन्हा आणावी आणि आणतानाच तारखेला DMY सांगावं.

पिव्होटची खरी करामत मला दिसली ती एका भांडणात. बापूंच्या नावावर जानेवारीत 10:26:26 चे 44,000 रुपये दिसत होते आणि बापू म्हणत होते, एवढं खत मी नेलंच नाही. आकड्यावर दोनदा टिचकी मारली. नवी शीट उघडली आणि तो आकडा ज्या बिलांतून आला त्या पाच ओळी समोर आल्या. तीन लोहोणेरच्या, दोन खामखेड्याच्या. खामखेड्याला त्याच नावाचे दुसरे गृहस्थ होते. 15,400 रुपये त्यांचे. बापूंचे उरले 28,600. वहीत हा शोध घ्यायला दिवस गेला असता.

पिव्होटला माणसं कळत नाहीत, अक्षरं कळतात. नाव सारखं असेल तर दोन शेतकरी एक होतात, आणि आडनाव कधी लिहिलं, कधी गाळलं की एक शेतकरी तिघांत वाटला जातो. त्या दिवसापासून आम्ही ग्राहकाला क्रमांक दिला आणि पिव्होट नावावर नाही, क्रमांकावर केली.

2018 च्या मार्चपासून युरियाची गोणी 50 किलोंवरून 45 किलोंची झाली. वर्षअखेरीला एका कंपनीचा प्रतिनिधी आला, आमचाच तक्ता बघून खूष झाला. एका ग्राहकाच्या 90 गोण्यांच्या 100 झाल्या होत्या. पुढच्या वर्षाचं लक्ष्य त्याने तिथल्या तिथे वाढवलं. 90 गोण्या म्हणजे 4,500 किलो होते आणि 100 गोण्याही 4,500 किलोच. शेतात एक दाणाही जास्त पडला नव्हता. मी सांगितलं, तर म्हणाला, "आकडा तर वाढलाय ना?"

यावर उपाय म्हणून तक्त्याच्या आत Calculated Field घालून नगाला वजनाने गुणू नये. ते आधी बेरजा करतं, मग गुणतं. दहा ओळींत दहा-दहा गोण्या असतील, तर नगांची बेरीज 100, वजनांची बेरीज 450, आणि उत्तर येतं 45,000 किलो. मूळ यादीतच प्रत्येक ओळीला किलोचा रकाना करावा:

```
=F2*H2
```

F मध्ये नग, H मध्ये त्या गोणीचं वजन. मग किलोंची बेरीज करावी.

त्या दशकात हेच तक्ते वर्षामागून वर्ष शेजारी ठेवले, तेव्हा डाळिंबाचा रकाना आटताना दिसला. तेल्या आला तेव्हा आधी कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची विक्री उसळली. आम्ही काउंटरवर खूष होतो. मग एकेका ग्राहकाच्या ओळीत ती औषधं थांबली आणि त्याच ओळीत कांद्याचं बियाणं आलं. बाग काढल्याचं कुणी दुकानात येऊन सांगत नाही. एकूण विक्री फारशी हललीच नव्हती, कारण कांद्याने खड्डा भरून काढला होता. नव्या प्रणालीतला रंगीत गोल त्या वर्षी असता, तर त्यानेही सगळं ठीक असल्याचंच दाखवलं असतं.

आता त्या प्रणालीतून यादी बाहेर काढायची म्हटलं, तर बिलाची एकूण रक्कम त्याच बिलाच्या प्रत्येक ओळीवर छापून येते. चार मालांचं 8,000 चं बिल पिव्होटमध्ये 32,000 होतं. पहिल्या महिन्यातच तक्त्याची एकूण बेरीज विक्री रजिस्टरशी ताडली, म्हणून हे सापडलं. मालवार रकमेचा रकाना द्या, असं मी विक्रेत्याला दोनदा कळवलं. त्याने रंग बदलायची सोय दिली आहे.