काउंटरच्या बाहेर या, मग बोला

शनिवारची दुपार, महाबळेश्वरचं एक हॉटेल. चेक-इन बाराचं, पण दीड वाजला तरी खोली तयार नाही. पुण्याहून आलेले गृहस्थ काउंटरवर हात आपटून विचारताहेत, "पैसे आधी घेता, मग खोली कुठाय?" सोबत थकलेली आई, मागे रांग.

रिसेप्शनवरच्या माणसाने आधी काउंटरमागून बाहेर यावं. चारचौघांसमोर आवाज चढवलेल्या माणसाला माघार घेणं जड जातं, म्हणून त्यांना रांगेपासून दूर, सोफ्याकडे न्यायचं. दोन हात अंतर ठेवून किंचित बाजूला उभं राहायचं. अंगाला हात लावायचा नाही.

मराठीत: "साहेब, आपण इकडे बसून बोलू या. आई, तुम्ही बसा, पाणी आणतो."
हिंदीत: "सर, आइए, इधर बैठकर बात करते हैं। माताजी, आप बैठिए, मैं पानी लाता हूँ।"

मग ऐकायचं, मध्ये न तोडता. "शांत व्हा" म्हटलं की राग हमखास भडकतो, आणि "हाउसकीपिंगने उशीर केला" हे पाहुण्याच्या कामाचं नसतं. त्यांचं बोलून झालं की तक्रार त्यांच्यापुढे नेमकी मांडायची आणि माफी एकदाच, स्पष्ट मागायची.

मराठीत: "बाराला खोली मिळायला हवी होती, दीड वाजला. आईंना ताटकळावं लागलं. चूक आमची आहे, माफ करा."
हिंदीत: "कमरा बारह बजे मिलना चाहिए था, डेढ़ बज गया। माताजी को इंतज़ार करना पड़ा। गलती हमारी है, माफ़ कीजिए।"

बहुतेकांचं बिघडतं ते यापुढे. घाईत "पाच मिनिटं" सांगितली जातात आणि अर्धा तास जातो. म्हणून आधी मजल्यावरच्या सुपरवायझरला विचारायचं. तो अर्धा तास म्हणाला, तर पाहुण्याला पाऊण तास सांगायचा आणि पर्याय द्यायचा.

मराठीत: "दरीकडची खोली सव्वादोनला मिळेल. बागेकडची आत्ता तयार आहे. कोणती देऊ?"
हिंदीत: "घाटी की तरफ़ वाला कमरा सवा दो बजे मिलेगा। बगीचे वाला अभी तैयार है। कौन-सा दूँ?"

"मग सामान कुठे ठेवू?" असा प्रश्न आला, की राग उतरू लागला असं समजावं. दरीकडची खोली निवडली असेल, तर दोन वाजता बोलावण्याची वाट न पाहता स्वतः जाऊन काम कुठवर आलं ते सांगायचं. भाड्यात सूट आपल्या अधिकारात नसेल, तर तिचा शब्द द्यायचा नाही.

पाहुणा प्यायलेला असेल, शिवीगाळ करत असेल किंवा अंगावर येत असेल, तर या पायऱ्या लागू नाहीत. मागे सरून ड्यूटी मॅनेजर आणि सुरक्षारक्षकाला बोलवावं.

शेवटी घडलेलं सगळं लॉगबुकात लिहा. नाहीतर रात्रपाळीचा माणूस त्याच पाहुण्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावेल.